दुकानाच्या चोरीचा क्लेम फुगवलाय असा कंपनीला संशय, 'सर्व हक्क राखून' असं पत्र आलंय, उत्तर काय द्यायचं?

लक्ष्मीपुरीचा_भाचा
नमस्कार मंडळी. मामांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, वायरची बंडलं, एमसीबी, स्विच, पंपाचे स्टार्टर असलं सगळं. सप्टेंबरात रात्री चोरी झाली. सेंट्रल लॉकची पट्टी वाकवून शटर एका कोपऱ्यातून एवढंच वर घेतलं होतं की बारीक माणूस आडवा होऊन आत सरकेल. एफआयआर झाली, पंचनामा झाला, बर्गलरी पॉलिसी आहे, माल २५ लाखाला इन्शुअर केलेला. सर्व्हेअर आला, उरलेला माल मोजला, फोटो काढले, चहा घेतला, नीट बोलला आणि गेला. मामांनी ९ लाख ४० हजाराचा क्लेम टाकला.

आता कंपनीचं रजिस्टर पोस्टानं पत्र आलंय. क्लेमची रक्कम, एफआयआरमधली रक्कम आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट यांचा मेळ बसत नाही म्हणे, म्हणून आम्ही तपास करतोय, आणि हा तपास पॉलिसीखालचे आमचे सर्व हक्क राखून करतोय, सर्व्हेअर आला किंवा आम्ही कागद मागितले याचा अर्थ क्लेम मान्य केला असा काढू नये. खाली पॉलिसीची ती फ्रॉडची अट जशीच्या तशी छापलीय. १५ दिवसांत कागद द्या. मामा तेव्हापासून नीट जेवले नाहीत. क्लेम नाकारला असं समजायचं का?

तांबडा_पांढरा
भावा कंपन्या असंच करत्यात. माझी गाडी रंकाळ्यावरनं गेली तवा दोन्ही किल्ल्या आणा म्हणाले, एक किल्ली कवाच हरवलेली, तेवढ्यावरनं आठ महिने फिरवलं. तुमच्या मामास्नी सांगा दोन्ही किल्ल्या जपून ठेवा.

लक्ष्मीपुरीचा_भाचा
@तांबडा_पांढरा दादा गाडी नाही हो, दुकान आहे 😅

तांबडा_पांढरा
मग शटरच्या किल्ल्या ठेवा की.

जुना_सर्व्हेअर
क्लेम नाकारलेला नाही. नाकारायचा असता तर पत्रात तसं स्पष्ट लिहून कारण दिलं असतं. हे पत्र म्हणजे कंपनी म्हणतेय की आम्ही पुढं चौकशी करतोय पण उद्या काही सापडलं तर 'तुम्ही तर चौकशी केलीत, सर्व्हेअर पाठवलात, मग आता कसं नाही म्हणता' असं तुम्ही म्हणू नये. सर्व्हेअर तर प्रत्येक पत्रावर 'विदाउट प्रेज्युडिस' लिहितोच, ती सवय झालेली असते, पण कंपनीनं वेगळं पत्र काढून त्यात फ्रॉडची अट छापली म्हणजे फाइल साध्या टेबलावरून उठून इन्व्हेस्टिगेटरच्या टेबलावर गेलीय एवढं नक्की. घाबरायचं नाही, पण हलक्यातही घ्यायचं नाही.

एक करा. पत्र परत वाचा आणि बघा त्यांनी 'मेळ बसत नाही' म्हणताना कुठले आकडे दिलेत. एफआयआरमध्ये किती लिहिलंय आणि बँकेला किती दाखवलं होतं ते इथं सांगा, दुकानाचं नाव नको.

ॲड_शाहूपुरी
वरच्यांनी बरोबर सांगितलं. कंपन्या हे का लिहितात त्यामागं कोर्टाचा इतिहास आहे. २०१६ साली सुप्रीम कोर्टात गलाडा पॉवरचं प्रकरण होतं, त्यात उशिरा कळवलं हा मुद्दा कंपनीनं आधी धरलाच नाही, सर्व्हेअर नेमला, आणि नंतर तोच मुद्दा काढला तर कोर्टानं तो सोडून दिलेला मानला. पुढं २०१८ ला सोनेल क्लॉक्समध्ये कोर्टानं सांगितलं की नुसता सर्व्हेअर नेमला म्हणजे अट सोडली असं होत नाही. तेव्हा कंपनीचे वकील आता कुठलीच फट ठेवत नाहीत, आधीच लिहून टाकतात.

तुमच्या बाजूनंही त्यात एक गोष्ट आहे बघा. नाकारताना कंपनी जी कारणं पत्रात लिहील त्यांच्या बाहेर जाऊन ग्राहक आयोगात नवीन कारण काढायला तिला अवघड जातं, सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात २०१९ ला ते आलंय. म्हणून उत्तरात पहिलं वाक्य हेच टाका, की नक्की कुठल्या वस्तू, कुठली रक्कम, कुठल्या कागदाशी जुळत नाही ते लेखी सांगा. मोघम संशयाला मोघम उत्तर देऊ नका.

राजारामपुरी_ते_सॅनहोजे
मी कॅलिफोर्नियात आहे, इथं अशा पत्राला रिझर्वेशन ऑफ राइट्स लेटर म्हणतात आणि ते आलं की तुम्हाला तुमच्या पसंतीचा वकील मिळतो आणि त्याची फी कंपनी देते. तसा कायदाच आहे. मामांना सांगा कंपनीकडं वकील मागा.

ॲड_शाहूपुरी
@राजारामपुरी_ते_सॅनहोजे तुम्ही सांगताय ती तिकडची क्युमिसची भानगड, १९८४ ची. ती दायित्वाच्या पॉलिसीसाठी, म्हणजे तिसऱ्या माणसानं तुमच्यावर दावा केला आणि कंपनी तुमच्या बाजूनं वकील देतेय पण त्याच वेळी पैसे नाकारायचा हक्कही राखून ठेवतेय, तेव्हा तो वकील नक्की कुणाचा असा प्रश्न येतो. इथं मामांवर कुणी दावा केलेला नाही, मामांचा स्वतःचाच माल गेलाय. इथली कंपनी वकिलाची फी देणार नाही, आणि असल्या क्लेमला तिकडचीही देत नाही.

राजारामपुरी_ते_सॅनहोजे
ओके, ते मला माहीत नव्हतं. पत्राचं नाव तेच आहे म्हणून वाटलं.

व्यापारी_बंधू_गुजरी
एवढं काय घाबरायचं त्यात. स्टॉक जुळत नाही म्हणत्यात ना, मग जुळवा. ओळखीच्या होलसेलवाल्याकडनं ऑगस्टच्या तारखेची दोन चार बिलं घ्या, खरेदी वाढली की स्टॉक वाढला, स्टॉक वाढला की क्लेम जुळला. सगळेच करत्यात.

जुना_सर्व्हेअर
@व्यापारी_बंधू_गुजरी साहेब, हा सल्ला कुणी ऐकू नये म्हणून जरा मोठं लिहितो. पूर्वी कार्बन कॉपीच्या बिलबुकाच्या जमान्यात हे चालून गेलं असेल, आता ऑगस्टचं बिल होलसेलवाल्यानं ऑगस्टच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये टाकलेलं नसेल तर ते मामांच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप येणाऱ्या खरेदीच्या यादीत, दिसणारच नाही, आणि इन्व्हेस्टिगेटर पहिली गोष्ट २बी मागतो. किंमत राज्याबाहेरच्या मालाची ५० हजाराच्या वर किंवा राज्यातल्या मालाची लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल कुठंय विचारतो, गावातल्या गावात असेल तर टेम्पोवाला कोण विचारतो. मग होलसेलवाल्याकडं जातो, आणि होलसेलवाला त्याच्या लेजरची प्रिंट देतो कारण त्याला तुमच्यासाठी अडकायचं नसतं. मी स्वतः बघितलंय, बिलाचा कागद नवा कोरा, घडीसुद्धा पडलेली नाही आणि अनुक्रमांक पुढच्या महिन्यातल्या बिलांच्या मधला.

आणि त्या फ्रॉडच्या अटीत शब्द काय आहेत ते बघा. क्लेम कुठल्याही बाबतीत लबाडीचा असेल, *किंवा* त्याच्या पुष्ट्यर्थ खोटं निवेदन वापरलं असेल, तर पॉलिसीखालचे सगळे फायदे जप्त. आकडा जास्त लागला हे एक वेळ समजावून सांगता येतं. खोटं बिल लावलं की समजावून सांगायला काही उरत नाही, खरोखर चोरीला गेलेल्या मालाचेही पैसे जातात.

लक्ष्मीपुरीचा_भाचा
आकडे आणले. मामांच्या अकाउंटंटकडं बसून घेतलेत. एफआयआरमध्ये 'अंदाजे ४ लाख' लिहिलंय, ती सकाळी साडेआठला दिली, तेव्हा मामांनी काही मोजलंच नव्हतं. बँकेला ऑगस्टअखेर २४ लाखाचा स्टॉक दाखवलाय, सीसी लिमिटसाठी, म्हणजे मालावर बँक जे कॅश क्रेडिट देते त्यासाठी. १ एप्रिलला ताळेबंदात स्टॉक १४ लाख २० हजार. तिथून चोरीपर्यंत खरेदी ३१ लाख, विक्री ३५ लाख, दोन्ही जीएसटी सोडून. मार्जिन १२ टक्क्याच्या आसपास असतं असं गेल्या तीन वर्षांच्या हिशोबात दिसतंय. सर्व्हेअरनं मोजलेला उरलेला माल खरेदी भावानं ८ लाख ९० हजार.

जुना_सर्व्हेअर
झालं, याच्यात सगळं आलं. सर्व्हेअर काय करेल ते करून दाखवतो, म्हणजे तुम्हाला पत्र कुठून आलं ते कळेल.

३५ लाखाच्या विक्रीतून १२ टक्के मार्जिन काढलं की विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३० लाख ८० हजार. सुरुवातीचे १४.२० आणि खरेदी ३१ मिळून ४५.२०, त्यातून ३०.८० वजा, म्हणजे चोरीच्या रात्री दुकानात पुस्तकाप्रमाणं १४ लाख ४० हजाराचा माल असायला पाहिजे. उरला ८.९०. गायब साडेपाच लाख. मामा मागतायत ९ लाख ४०.

आता बँकेच्या आकड्यानं केलं तर २४ मधून ८.९० गेले, १५ लाख गायब! मामा स्वतःच १५ मागत नाहीत, म्हणजे २४ हा आकडा खरा नव्हता हे मामांच्याच क्लेमवरून सिद्ध होतंय. बँकेला जास्त, इन्कम टॅक्सला कमी आणि इन्शुरन्सला मधलं असं कोल्हापुरातच काय सगळीकडं चालतं, पण चोरी झाली की तिन्ही कागद एकाच टेबलावर येतात.

आता मला सांगा, ९.४० कसा काढला?

लक्ष्मीपुरीचा_भाचा
मामांनी आणि दुकानातल्या पोरानं रॅकच्या हिशोबानं यादी केली, आणि कंपन्यांच्या प्राइस लिस्टमधून रेट लावले. वर १८ टक्के जीएसटी.

जुना_सर्व्हेअर
वाटलंच. इलेक्ट्रिकल लाइनमध्ये लिस्ट प्राइसवर माल कुणी विकत घेतच नाही, डीलरला तीस पस्तीस टक्के कमीनं पडतो. इन्शुरन्स माल परत आणायला जे पडेल ते देतो, लिस्टचा भाव देत नाही आणि न झालेला नफाही देत नाही. यादीची बेरीज जीएसटी सोडून किती?

लक्ष्मीपुरीचा_भाचा
७ लाख ४०. जीएसटी धरून ८ लाख ७३. आणि उरलेले ६७ हजार… हे लिहू का नको कळत नाही. गणपतीत एका कॉन्ट्रॅक्टरला वायरची बंडलं दिली होती, उधारीवर, बिल करायचं राहिलं होतं. पोरानं ती यादीत धरली कारण त्याच्या वहीत ती 'रॅकवर' होती. मामांना हे पत्र आल्यावर कळलं. कॉन्ट्रॅक्टरनं पैसे अजून दिलेले नाहीत.

सीए_कावळा_नाका
बरं झालं सांगितलंत. वरच्या साडेपाच लाखाच्या हिशोबातही हा माल बसलाय बरं का. बिल केलेलं नाही म्हणजे विक्रीत नाही, मोजणीत पण नाही, मग पुस्तकाच्या दृष्टीनं तो चोरीलाच गेला. खरेदी भावानं ती बंडलं किती, ४५-५० हजार? मग चोरीचा खरा आकडा ५ लाखाच्या जवळ आहे. आणि ७.४० लिस्ट असलेला माल डीलरला ३२ टक्के कमीनं पडला तर ५ लाख ३ हजार होतात, म्हणजे यादी आणि पुस्तक दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी येताय. मामांसाठी ही चांगली बातमी आहे, यादी खोटी नाही, भाव चुकीचा लावलाय.

जीएसटीचं मात्र नीट बघा. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं टॅक्सचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) खाली परत करावं लागतं, ५ लाखावर साधारण ९० हजार. ते रिव्हर्स केलं असेल तर तो जीएसटी मामांचा खरा खर्च झाला आणि तो क्लेममध्ये मागता येतो, ३बी रिटर्नची कॉपी लावायची. रिव्हर्स न करता मागितला तर एकाच टॅक्सचे पैसे सरकारकडूनही आणि कंपनीकडूनही असं होतं. कंपनी देईल का हे पॉलिसीत सम इन्शुअर्ड कसं धरलंय त्यावर, काही सर्व्हेअर रिव्हर्सल दाखवलं तरी काटतात.

व्यापारी_बंधू_गुजरी
म्हणजे ९.४० चे ५ झाले. मग प्रामाणिकपणाचा फायदा काय?

सीए_कावळा_नाका
५.९० झाले, आणि ते मिळतील. ९.४० तुमच्या पद्धतीनं मागितले तर शून्य.

ॲड_शाहूपुरी
इथं मी थोडी वेगळी बोलते. दर चुकला, जीएसटी चुकला, हे सगळं सुधारून रिवाइज्ड क्लेम द्या, त्याबद्दल वाद नाही. पण ६७ हजाराचं, 'आम्ही विकलेला माल चोरीत धरला होता' असं वाक्य मामांच्या सहीनं कंपनीला देणं म्हणजे फ्रॉडच्या अटीला आयतं हत्यार. अट 'कुठल्याही बाबतीत' म्हणते, १० टक्के खोटं की ९० टक्के असा फरक करत नाही. मी असते तर ती रक्कम नव्या यादीतून फक्त काढून टाकली असती.

जुना_सर्व्हेअर
ताई, आदर ठेवून सांगतो, काढून टाकली तर इन्व्हेस्टिगेटर दोन याद्या शेजारी ठेवणारच, पहिल्या यादीतली तेवढीच बंडलं दुसरीत का नाहीत हे विचारणारच, आणि तो दुकानातल्या पोराला एकट्याला गाठून विचारतो. पोरगं सांगून टाकेल. मग आपण सांगितलं नाही, त्यानं शोधलं असं होतं. त्यापेक्षा यादी करताना वहीतली उधारी वजा करायची राहिली, बिल अमुक तारखेला केलं, हे साधं सांगावं. लबाडी म्हणजे माहीत असून खोटं बोलणं, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. कंपनीनं शोधायच्या आधी स्वतःहून कमी केलेला आकडा हा त्या आरोपाविरुद्धचा सगळ्यात चांगला पुरावा.

ॲड_शाहूपुरी
पटतंय पण पूर्ण नाही. पत्र आल्यानंतर केलेली दुरुस्ती 'स्वतःहून' असते का, की पकडले गेल्यावर, हे आयोगात दोन्ही बाजूंनी मांडलं जातं आणि निकाल कुठंही जाऊ शकतो. शिवाय बिल उशिरा केलं हे लिहून दिलं की जीएसटीचा प्रश्न वेगळा उघडतो. मामांनी सही करायच्या आधी समोर बसून एखाद्या वकिलाला मसुदा दाखवावा, माझं नको तर दुसऱ्या कुणाला.

सीए_कावळा_नाका
उशिरा बिल केल्याचं व्याज लागेल, रक्कम मोठी नाही. त्यासाठी क्लेम धोक्यात घालू नका.

तांबडा_पांढरा
आणि त्या कॉन्ट्रॅक्टरकडनं पैसे कोण आणणार? ते पण कंपनीच देणार व्हय 😂

रंकाळा_वहिनी
माझ्या दिरांच्या दुकानाच्या वेळी कंपनीचा माणूस पोलिसांचा फायनल रिपोर्ट आल्याशिवाय फाइल हलणार नाही म्हणाला होता. तुमच्याकडं आलाय का? आणि एफआयआरमध्ये ४ आणि क्लेममध्ये ९ हा फरक कसा सांगणार?

जुना_सर्व्हेअर
@रंकाळा_वहिनी चांगला मुद्दा. एफआयआर चोरी कळल्या कळल्या देतात, अंदाजे असतो, त्यामुळं ४ आणि ५ मधला फरक कुणी धरत नाही, ४ आणि ९.४० मधला धरतात. पण मोजणी झाल्यावर मामांनी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्यायला हवा होता, वस्तूनिहाय यादीसकट. अजून देता येतो, फक्त तिथं ५ लाखाची दुरुस्त यादीच द्यायची, ९.४० ची जुनी नाही, नाहीतर तिसराच आकडा तयार होईल. एफआयआरमध्ये बीएनएस ३३१ आणि ३०५ ही कलमं लागलीत का बघा, जुन्या आयपीसीत ४५७, ३८० म्हणायचो ती. घरफोडी म्हणून कलम लागणं महत्त्वाचं, कारण बर्गलरी पॉलिसीत जोर लावून आत घुसल्याची खूण लागते, सुप्रीम कोर्टानं हरचंद रायच्या केसमध्ये २००४ ला ते पक्कं केलंय. तुमच्याकडं वाकलेली पट्टी पंचनाम्यात आहे, त्यामुळं तिथं अडचण नाही. ती पट्टी बदलली असेल तर जुनी भंगारात घालू नका.

चोर सापडला नाही तर पोलीस 'अ समरी' साठी कोर्टात पाठवतात, गुन्हा खरा पण तपास लागला नाही असं. 'ब' आली तर मात्र संपलं, ती खोट्या तक्रारीची. 'अ' ला वेळ लागतो, तोवर कंपनीनं सर्व्हे रिपोर्ट अडवायचं कारण नाही, लेखी मागत राहा.

लक्ष्मीपुरीचा_भाचा
पट्टी आहे, गोडाऊनमध्ये आहे. कलमं बघितली, ३३१(४) आणि ३०५ लागलीत. सीसीटीव्हीत दोघं दिसतात, एका छोट्या टेम्पोत माल भरताना, वीस बावीस मिनिटं. कंपनीच्या पत्रात ते पण विचारलंय की एवढ्या वेळात एवढा माल कसा गेला.

जुना_सर्व्हेअर
त्याला घाबरू नका, तेच तुमच्या बाजूचं आहे. ५ लाखाची वायर नि एमसीबी म्हणजे किती खोकी होतात ते मोजा. ९० मीटरचं बंडल एका हातानं उचलतं, एमसीबीचं खोकं तर पोरगंही उचलेल. यादीतल्या खोक्यांची संख्या आणि वजन लिहून द्या, आणि टेम्पोचं मॉडेल फुटेजमध्ये दिसत असेल तर तेही. यादीवर स्टार्टर किती आहेत? ते जड असतात, तिथंच इन्व्हेस्टिगेटर बोट ठेवेल.

लक्ष्मीपुरीचा_भाचा
स्टार्टर सहा. बाकी सगळं हलकं.

सीए_कावळा_नाका
मग बसतं. उत्तराबरोबर सहा महिन्यांची २बी, ३बी, खरेदी लेजर, विक्री रजिस्टर, गेल्या तीन वर्षांचं मार्जिन दाखवणारे ट्रेडिंग अकाउंट आणि वरचा हिशोब एका पानावर द्या. बँकेच्या २४ लाखाबद्दल विचारलंय तर उत्तर टाळू नका, पण बँकेला पण आता खरा आकडा द्यावा लागेल आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, कमी होईल, त्याची तयारी मामांनी ठेवावी. ते पैशाच्या दृष्टीनं चोरीपेक्षा जड जाऊ शकतं.

व्यापारी_बंधू_गुजरी
ते कोण सांगणार मामांना 🙏

लक्ष्मीपुरीचा_भाचा
मीच सांगितलं. चिडले, मग गप्प झाले, मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

अपडेट देतो. एका वकिलांना दाखवून उत्तर पाठवलं, रिवाइज्ड क्लेम ५ लाख ९० हजार, जीएसटी रिव्हर्सलसकट. उधारीचं वाक्य ठेवलं, वकिलांनी शब्द बदलून दिले. कंपनीनं पोच दिली पण त्यातही खाली तेच, सर्व हक्क राखून. आता इन्व्हेस्टिगेटर मामांचा लेखी जबाब घ्यायला पुढच्या आठवड्यात येणार म्हणतोय आणि दुकानातल्या पोरालाही बोलवा म्हणाला. द्यायचा का जबाब?

जुना_सर्व्हेअर
द्यायचा, सहकार्य करायची अट पॉलिसीतच असते, नाही म्हटलं तर त्यांना दुसरं कारण मिळतं. पण त्यानं लिहिलेला जबाब मराठीत वाचून घ्यायचा, इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगायचं, न पटलेली ओळ तिथंच खोडून बाजूला सही करायची, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्यायचा. कोऱ्या पानावर सही नाही. पोराला काही पढवू नका, वहीत काय होतं ते सांगू दे.

ॲड_शाहूपुरी
आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागून ठेवा, आजच. पुढं कमी रक्कम देऊ केली तर 'फुल अँड फायनल'च्या कागदावर सही करायच्या आधी इथं लिहा. मामांचं दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे ना? मग आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या इन्शुरन्स लोकपालाकडं जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही. पार्टनरशिप असती तर जाता येईल का हे आधी तपासावं लागलं असतं.

लक्ष्मीपुरीचा_भाचा
एकट्याच्या नावावर आहे. रिपोर्टचा मेल आत्ताच टाकतो. त्या उधारीच्या वाक्यावर इन्व्हेस्टिगेटर काय म्हणतो ते कळवतो.